लांब ईमेलमधील साचेबद्धपणा कसा घालवावा

गृहनिर्माण संस्थेच्या सभासदांना लिफ्टदुरुस्तीविषयी पाठवायच्या लांब ईमेलमध्ये ‘तसेच’ने सुरू होणारी आणि ‘करण्यात येईल’ने संपणारी वाक्ये सहज साचतात, म्हणून मसुदा झाल्यावर प्रत्येक वाक्याचे केवळ पहिले आणि शेवटचे शब्द वाचत जावे. ‘तसेच सोमवारी लिफ्टची तपासणी करण्यात येईल. तसेच दोर बदलण्यात येईल’ याऐवजी ‘सोमवारी तंत्रज्ञ लिफ्ट तपासतील आणि झिजलेला दोर त्याच दिवशी बदलतील’ असे लिहिले, की काम कोण करणार हे कळते आणि ‘तसेच’ची गरजच उरत नाही. क्रियापदावरून कर्ता स्पष्ट होत असेल तेथे ‘आम्ही’ही गाळता येते. मात्र ‘देखभाल शुल्क’ हा शब्द शेवटपर्यंत तोच ठेवावा. पुढच्या परिच्छेदात त्याचे ‘वर्गणी’ झाले, तर सभासदांना ती वेगळी रक्कम वाटते.