या चुका टाळा: डेल्टा जी पासून समतोलापर्यंत

रत्नागिरीत बी.एस्सी.च्या मुलांच्या वह्या तपासताना एक गणित दरवर्षी हटकून चुकलेलं सापडतं. N₂O₄ ⇌ 2NO₂, तापमान २५ अंश, एकूण दाब १ बार. किती टक्के N₂O₄ फुटेल?

तक्त्यातून NO₂ ची निर्मिती मुक्त ऊर्जा ५१.३१ आणि N₂O₄ ची ९७.८९ किलोज्यूल घ्या. NO₂ चे दोन मोल आहेत, म्हणून ५१.३१ ची दुप्पट करून त्यातून ९७.८९ वजा केले की ४.७३ येतात. आता

```
ln K = -ΔG°/(RT)
```

R हा ८.३१४ ज्यूलमध्ये असतो, त्यामुळे वर ४७३० लिहायचे. ४.७३ तसेच ठेवले तर K जवळजवळ १ येतो. K उगाचच १ च्या आसपास घुटमळताना दिसला, की आधी एककं बघा. खरं उत्तर: ln K = -१.९१, K = ०.१४८. डेल्टा जी धन आहे म्हणजे विक्रिया होतच नाही, असंही काहीजण लिहून मोकळे होतात. धन चिन्ह फक्त K एकापेक्षा लहान आहे एवढंच सांगतं.

खरी गोची पुढे आहे. १ मोलपैकी α फुटला तर N₂O₄ चे १-α उरतात, NO₂ चे २α होतात आणि एकूण मोल होतात १+α. आंशिक दाब काढताना या बेरजेने भागायचं असतं. तेच राहून गेलं, तर α ०.१७५ येतो. दिसायला अगदी सभ्य आकडा, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण दोन्ही दाबांची बेरीज करून बघा: १.१७५ बार! एकूण दाब तर १ बार दिला होता. बरोबर मांडणी अशी:

```
K = 4α²P/(1-α²)
α = √(K/(K+4P))
```

यातून α = ०.१८९ येतो, म्हणजे NO₂ चा मोल-अंश ०.३१८ आणि N₂O₄ चा ०.६८२. ताळा: ०.३१८ चा वर्ग भागिले ०.६८२, परत ०.१४८. यातला P बारमध्येच हवा. पास्कल घातले तर α जवळजवळ शून्य होतो. दाब ०.१ बार केला तर K तोच राहतो, पण α ०.५२ वर जातो. K तोच म्हणजे टक्केही तेच, हा समज इथे गळून पडतो.

आता मे महिन्यातल्या आमच्या घामट ३५ अंशांचं बघू. सूत्रात T च्या जागी ३०८ घालून डेल्टा जी मात्र २५ अंशांचाच ठेवला, तर K ०.१५८ येतो. ही चूक मोठी आहे, कारण डेल्टा जी सुद्धा तापमानाबरोबर बदलतो. विक्रियेची एन्थाल्पी ५७.२ किलोज्यूल आहे. ती व्हँट हॉफच्या समीकरणात घातली की K ०.३१ च्या आसपास आणि १ बार दाबाला α ०.२७ येतो. इतक्या लहान फरकासाठी एन्थाल्पी स्थिर धरणं चालतं, शेकडो अंशांसाठी नाही.