बँक स्टेटमेंटचं अरबी भाषांतर: नावे, जमा आणि शिल्लक चुकू नये म्हणून

व्हिसासाठी फोटोतल्या स्टेटमेंटचं अरबी भाषांतर करायचं असेल, तर अरबीला हात लावण्याआधी आकडे नीट उतरवून घ्या. पान सपाट ठेवा आणि फोटो सरळ वरून, सावली न पडू देता काढा. मग सगळ्या ओळी तक्त्यात टाइप करा आणि प्रत्येक ओळीला हिशोब लावा: आधीची शिल्लक, अधिक जमा, वजा नावे, बरोबर नवी शिल्लक.

समजा आधीची शिल्लक ४८,२५० आहे. पुढच्या ओळीत नावे रक्कम तुम्ही ६,१०० वाचलीत आणि छापील शिल्लक ४१,५५० आहे. वजाबाकी मात्र ४२,१५० येते. फरक ६०० चा, म्हणजे चूक शतकाच्या घरात आहे. फोटो मोठा करून पाहिलात तर तिथे एक नसून सात निघेल. इंग्रजी आकड्यांतले हे दोन धूसर फोटोत हमखास फसवतात. रक्कम ६,७०० धरली की हिशोब जुळतो. मूळ आकडा वाचताच येत नसेल, तर अंदाजाने भरू नका, नवा फोटो काढा.

आता शब्द. स्टेटमेंट म्हणजे كشف حساب (कश्फ हिसाब). नावे म्हणजे مدين (मदीन), जमा म्हणजे دائن (दाइन) आणि शिल्लक म्हणजे الرصيد (अर-रसीद). हा रसीद ऐकून आपल्याला पावती आठवते, पण इथे त्याचा अर्थ शिल्लकच. मदीन म्हणजे देणेकरी आणि दाइन म्हणजे घेणेकरी, त्यामुळे ‘पैसे तर माझे, मग मी घेणेकरी कसा?’ असं वाटून अनेक जण रकाने उलटे करतात. स्टेटमेंट ही बँकेची वही आहे. तुमचा पैसा बँक तुम्हाला देणं लागते, म्हणून तुम्ही घेणेकरी. खात्यात आलेली रक्कम दाइनखालीच जाते.

क्रेडिटसाठी ائتمان (इतिमान) हा शब्दही सापडेल, पण तो उधारीचा, क्रेडिट कार्डातला. रकान्याच्या डोक्यावर तो नको. ‘बॅलन्स’साठी توازن (तवाझुन) आलं तर तेही काढा, तो तराजूचा समतोल झाला. सुरुवातीची शिल्लक الرصيد الافتتاحي, अखेरची الرصيد الختامي.

अरबी उजवीकडून वाचतात, म्हणून तक्त्याची दिशाही तशीच ठेवा: तारीख सर्वांत उजवीकडे, शिल्लक सर्वांत डावीकडे. या उलटापालटीत कधी कधी फक्त शीर्षकं सरकतात आणि रकमा जागीच राहतात. म्हणून तक्ता तयार झाल्यावर पहिल्या दोन-तीन ओळींचा हिशोब पुन्हा करा. आकडे मूळ स्टेटमेंटसारखे इंग्रजीच ठेवले तर पडताळणाऱ्याला सोपं जातं. अरबी लिपीतला पाच (٥) तर आपल्या शून्यासारखा दिसतो. तारखेतला महिना अक्षरी लिहा, नाव पासपोर्टप्रमाणे.

एवढं करूनही व्हिसाच्या कागदपत्रांच्या यादीत प्रमाणित भाषांतरकाराचा शिक्का मागितला असेल, तर घरचं भाषांतर चालणार नाही. तेव्हा हा पडताळलेला तक्ता आणि मूळ फोटो दोन्ही त्याच्याकडे द्या.