ΔG° वरून समतोल काढताना या चुका टाळा

प्रमाणित गिब्स ऊर्जाबदल ΔG° आणि समतोल स्थिरांक K यांना जोडणारं ΔG° = −RT ln K हे समीकरण पाठ नाही असा विद्यार्थी मला क्वचितच भेटतो. पण K काढून झाल्यावर "आता भांड्यात कशाचं किती उरेल?" असं विचारलं की बरेच जण अडखळतात, नाहीतर नुसतं चिन्ह बघून उत्तर देऊन टाकतात. प्रयोगवह्या तपासताना त्याच त्या चुका वर्षानुवर्षं समोर येतात. त्यांतल्या मला सगळ्यांत जास्त खटकणाऱ्या चुका इथे मांडतो. उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवतो, म्हणजे एकाच चुकीने उत्तर किती सरकतं ते दिसेल.

अभिक्रिया ही: N₂O₄ ⇌ 2NO₂. डावीकडचा वायू रंगहीन, उजवीकडचा तपकिरी. २९८ केल्विनला या अभिक्रियेचा ΔG° अधिक ४.७३ किलोज्यूल प्रति मोल येतो.

किलोज्यूलला ज्यूलने भागणं

तक्त्यात ΔG° किलोज्यूलमध्ये असतो आणि R = 8.314 हा ज्यूलमध्ये. हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी ही चूक होतेच. ती पकडली का जात नाही, हे मला एका प्रकल्पाच्या वेळी नीट कळलं.

दोन विद्यार्थी या वायूच्या मिश्रणाची घनता मोजत होते. लेड नायट्रेट तापवायचं, निघणारा वायू बर्फ-मिठाच्या मिश्रणात थंड करून द्रवरूप करायचा, म्हणजे सोबतचा ऑक्सिजन निघून जातो. मग निर्वात करून आधी वजन केलेल्या २५० मिलिलीटरच्या चंबूत तो वायू २५ अंश सेल्सिअस आणि १ बार दाबाला भरायचा आणि पुन्हा वजन करायचं. वायू विषारी, त्यामुळे सगळं काम फ्यूम हूडमध्ये. गणिताप्रमाणे चंबूत ०.६४ ग्रॅम वायू मावायला हवा होता. वजन भरलं ०.७८ ग्रॅम. परत केलं, ०.७७. तिसऱ्यांदा पुन्हा ०.७८.

तीन दिवस दोघं उपकरणाच्या मागे लागले होते. तोटी उघडून साफ केली, चंबू ओव्हनमध्ये दोनदा वाळवला, तराजू प्रमाणित वजनांनी तपासला. चौथ्या दिवशी एकजण म्हणाला, "सर, कुठेतरी गळती आहे बहुतेक." मी विचारलं, "गळती असती तर हवा आत शिरली असती. हवा या वायूपेक्षा हलकी. मग वजन कमी भरायला हवं ना, जास्त कसं?" चंबू नीट निर्वात झाला नसता तरी वजन कमीच भरलं असतं. शिवाय तीन वेळा जवळपास तोच आकडा येतोय, म्हणजे उपकरण नीट काम करतंय. मी गणिताची वही मागितली.

वहीत होतं ते असं:

```
ln K = -4.73 / (8.314 × 298) = -0.0019
K = 0.998
```

हवं होतं ते असं:

```
ln K = -4730 / (8.314 × 298) = -1.91
K = 0.148
```

पहिल्या K वरून ४५ टक्के N₂O₄ फुटतो असं निघतं आणि मिश्रणाचं सरासरी मोलर वस्तुमान ६४ च्या आसपास येतं. दुसऱ्यावरून १९ टक्के फुटतो आणि वस्तुमान ७७ येतं. ७७ धरलं की चंबूत बरोबर ०.७८ ग्रॅम वायू बसतो. तीन दिवस ज्याच्यावर संशय घेतला तो तराजू पहिल्यापासून खरं सांगत होता.

ही चूक लपते, कारण तिचं उत्तर वेडंवाकडं दिसत नाही. घातांक हजारपट लहान झाला की K नेहमी १ च्या जवळ येऊन थांबतो, आणि "K जवळपास १, म्हणजे दोन्ही बाजू साधारण सारख्या" हे वाक्य पटण्यासारखं वाटतं. अमोनियाच्या संश्लेषणाचा ΔG° सुमारे उणे ३३ किलोज्यूल आहे (N₂ + 3H₂ → 2NH₃ असं लिहिल्यावर). चुकीच्या एककाने त्याचा K १.०१ येतो, खरा आहे पाच-सहा लाखांच्या घरात. वेगवेगळ्या अभिक्रियांचे K एकामागून एक ०.९८, १.००, १.०१ असे यायला लागले, तर दुसरं काही तपासण्याआधी एकक बघा.

माझी सवय सांगतो. २९८ केल्विनला RT म्हणजे २.४८ किलोज्यूल, हा एकच आकडा मी लक्षात ठेवतो आणि ८.३१४ ला हातच लावत नाही. आणि कॅल्क्युलेटर उचलायच्या आधी अंदाज लिहून ठेवतो: या तापमानाला ΔG° मधल्या दर ५.७ किलोज्यूलला K दहापटीने बदलतो. ४.७३ हे ५.७ पेक्षा थोडं कमी, चिन्ह अधिक, म्हणजे K ०.१ पेक्षा थोडा वर. हा अंदाज वहीत असता तर ०.९९८ तिथल्या तिथे खटकला असता. तयार कॅल्क्युलेटरमध्ये आकडे टाकून पहिलं उत्तर उतरवून घेणाऱ्यांना हे अर्ध्या मिनिटाचं काम नको असतं. त्या दोघांचे त्यापायी तीन दिवस गेले.

"ΔG° अधिक आहे, म्हणजे अभिक्रिया होत नाही"

हे वाक्य मी शेकडो उत्तरपत्रिकांत लाल केलं असेल. आपल्या उदाहरणात ΔG° अधिक आहे आणि तरी जवळजवळ पाचवा हिस्सा N₂O₄ फुटतो. मग ΔG° चं चिन्ह नेमकं काय सांगतं?

ते एकाच विशिष्ट मिश्रणाबद्दल बोलतं: N₂O₄ चा आंशिक दाब १ बार आणि NO₂ चाही १ बार. NO₂ च्या दाबाचा वर्ग भागिले N₂O₄ चा दाब, हे गुणोत्तर मिश्रण त्या क्षणी जसं असेल तसं काढलं की तो Q, आणि समतोलाला काढलं की तो K. अशा मिश्रणात Q बरोबर १. समतोलाला हवा ०.१४८. म्हणजे NO₂ जास्त झालाय, अभिक्रिया मागे सरकणार. अधिक चिन्हाचा अर्थ एवढाच. शुद्ध N₂O₄ पासून सुरुवात केली तर Q शून्याजवळ असतो, ln Q प्रचंड ऋण असतो, आणि

```
ΔG = ΔG° + RT ln Q
```

यातला ΔG ऋण येतो. अभिक्रिया पुढे जाते आणि Q वाढत वाढत ०.१४८ ला पोचला की ΔG शून्य होऊन थांबते. समतोलाला शून्य होतो तो ΔG. ΔG° त्या वेळीही ४.७३ च असतो. "समतोलाला ΔG° = 0" असं लिहिणाऱ्यांनी इथे जरा थांबावं.

आता किती पुढे जाते ते काढू. एक मोल N₂O₄ घेतला आणि त्यातला α भाग फुटला, तर उरला 1 − α, तयार झाला 2α, एकूण मोल 1 + α. आंशिक दाब काढून K मध्ये घातले की

```
K = 4α²P / (1 − α²)
```

P बारमध्ये. १ बारला α येतो ०.१९. त्याच तापमानाला दाब ०.१ बार केला तर α येतो ०.५२. ΔG° तोच, K तोच, पण निम्म्याहून जास्त वायू फुटला. म्हणून "अभिक्रिया किती पुढे जाते" याचं उत्तर नुसत्या K वरून देऊ नका. K सोबत सुरुवातीला काय होतं, दाब किती होता आणि समीकरणात मोल वाढतात की घटतात, हे घेतल्याशिवाय टक्केवारी निघत नाही. मी विद्यार्थ्यांना सुरुवात, बदल आणि समतोल अशा तीन ओळींचा तक्ता प्रत्येक वेळी मांडायला लावतो. कंटाळा येतो हे मान्य, पण तो तक्ता गाळून बरोबर उत्तर काढणारे मी फार कमी पाहिलेत.

२९८ चा ΔG° आणि ३७३ चं तापमान

"१०० अंशांना K काढा" म्हटलं की T च्या जागी 373 लिहायचं आणि ΔG° तोच ४.७३ ठेवायचा. K येतो ०.२२. पण ΔG° सुद्धा तापमानानुसार बदलतो आणि तक्त्यातला आकडा फक्त २९८ केल्विनचा आहे. या अभिक्रियेचा ΔH° ५७.२ किलोज्यूल आणि ΔS° सुमारे १७६ ज्यूल प्रति केल्विन. हे दोन्ही फारसे बदलत नाहीत असं धरून ΔG° = ΔH° − TΔS° वापरलं, तर ३७३ ला ΔG° उणे ८.४ किलोज्यूल येतो आणि K येतो १५. एका उत्तरात १ बारला २३ टक्के फुटतो, दुसऱ्यात ८९ टक्के. बंद नळी उकळत्या पाण्यात धरली की आतला रंग गडद तपकिरी होतो, बर्फात धरली की फिका पडतो. कोणतं उत्तर खरं ते नळीच दाखवते. सुमारे ३२५ केल्विनला ΔG° शून्यातून जातो आणि चिन्ह उलटतं, तरी त्या तापमानाला भांड्यात अचानक काहीच घडत नाही. K फक्त १ च्या खालून वर जातो.

थोडक्यात उरकण्याजोग्या

ln च्या जागी log दाबणं. log वापरायचा तर २.३०३ सोबत आणा.

समीकरण अर्धं करून K तोच ठेवणं. ½N₂O₄ ⇌ NO₂ असं लिहिलं की ΔG° निम्मा होतो आणि K चं वर्गमूळ येतं, ०.३८. फुटणारा भाग मात्र तेवढाच राहतो. K लिहाल तिथे शेजारी समीकरण लिहा.

मोठ्या K वरून वेग ठरवणं. हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी बनण्याचा K, H₂ + ½O₂ → H₂O असं लिहिल्यावर, २९८ ला १० च्या ४१ व्या घाताच्या घरात आहे, आणि ते मिश्रण ठिणगीशिवाय तसंच पडून राहतं.

दोन तक्त्यांतले आकडे एकत्र करणं. ही चूक छोटी वाटते, पण ΔG° मध्ये एक किलोज्यूलचा फरक पडला की K दीडपट बदलतो. अभिक्रियेचा ΔG° काढताना NO₂ च्या निर्मितीच्या ΔG° च्या दुपटीतून N₂O₄ च्या निर्मितीचा ΔG° वजा करतात. N₂O₄ च्या निर्मितीचा ΔG° काही तक्त्यांत ९७.९ किलोज्यूल आहे, काहींत ९९.८. NO₂ चा दोन्हीकडे ५१.३. पहिल्यावरून K ०.१५ येतो, दुसऱ्यावरून ०.३२, आणि दोन्ही छापील आकडे आहेत. अशा वेळी पुस्तकाची पानं उलटत बसण्यापेक्षा मोजमापाकडे वळावं. ०.३२ खरा असता तर त्या चंबूत ०.७३ ग्रॅम वायू भरला असता. तीन वेळा वजन केलं तेव्हा आकडा ०.७७ च्या खाली एकदाही आला नव्हता.