हेक्स एडिटरमध्ये गेमची फाइल उलगडताना या चुका टाळा

उदाहरणाला डूमच्या शेअरवेअर आवृत्ती १.९ ची DOOM1.WAD घेऊ. फाइल ४१,९६,०२० बाइटची आहे, आत काहीही कॉम्प्रेस केलेलं नाही. सुरुवातीचे १२ बाइट असे दिसतात:

```
49 57 41 44  F0 04 00 00  B4 B7 3F 00
```

पहिले चार म्हणजे IWAD ही अक्षरं. पुढच्या चारांत पहिली चूक होते. डावीकडून उजवीकडे वाचलं तर F0040000, म्हणजे चार अब्जांच्या वरचा आकडा. ४१ लाख बाइटच्या फाइलमध्ये एवढं काही असूच शकत नाही, तेव्हा क्रम उलटा धरायचा. लिटल-एंडियन वाचनात 000004F0 म्हणजे १२६४ आणि 003FB7B4 म्हणजे ४१,७५,७९६ मिळतात. दुसरा आकडा फाइलच्या लांबीपेक्षा थोडासाच कमी आहे. म्हणजे तो बहुधा फाइलमधल्या नोंदींच्या यादीचा पत्ता, आणि १२६४ ही त्या नोंदींची संख्या.

इथे "बहुधा" वर थांबू नका, वजाबाकी करा. त्या पत्त्यापासून फाइलच्या शेवटापर्यंत २०,२२४ बाइट उरतात. त्याला १२६४ ने भागलं की बरोबर १६ येतात, बाकी शून्य. दोन्ही अंदाज एकाच हिशेबात पक्के झाले. बाकी उरली असती तर हेडरचा अर्थ चुकला, किंवा यादीनंतरही फाइलमध्ये काहीतरी आहे, असं समजायचं.

आता त्या पत्त्यावर जा. PLAYPAL, COLORMAP अशी नावं दिसतील. बरेच जण थेट स्ट्रिंग शोधण्यापासूनच सुरुवात करतात. त्यात चित्रांच्या डेटात योगायोगाने जुळलेली अक्षरंही सापडतात आणि वेळ वाया जातो. ठरावीक अंतराने येणारी नावंच खरी. प्रत्येक नोंदीत चार बाइट पत्ता, चार बाइट लांबी आणि आठ बाइट नाव आहे.

नावाचा शेवट शून्य बाइटने होतो असं धरणं ही दुसरी चूक, आणि ती फसवी आहे, कारण PLAYPAL सात अक्षरी असल्यामुळे त्याच्यामागे शून्य येतंच. COLORMAP मात्र आठही जागा भरतं. शून्य शोधत गेलात तर पुढच्या नोंदीचा पत्ता नावाला चिकटतो. म्हणून नाव तपासायला सगळ्यात लांब नाव निवडा. E1M1 ची लांबी शून्य दिसली तर गोंधळू नका: ती नुसती खूण आहे, त्या पातळीचा डेटा पुढच्या नोंदींत आहे.

E1M1 नंतरची THINGS ही नोंद पत्ता ६७,५०० वर, लांबी १३८०. आत एकही स्ट्रिंग नाही, त्यामुळे रचना फक्त पुनरावृत्तीवरून काढायची. १६ च्या रुंदीत सगळं तिरकं, विस्कळीत दिसतं. एडिटरची रुंदी १० करा आणि ओळ ६७,५०० पासूनच सुरू होईल असं पाहा:

```
20 04 E0 F1 5A 00 01 00 07 00
F0 03 F0 F1 5A 00 02 00 07 00
```

उभे पट्टे लगेच दिसतात. पण १० च का? १३८० ला १२, १५, २० आणि ३० नेही पूर्ण भाग जातो, म्हणजे इथे भागाकार पुरावा ठरत नाही. २० च्या रुंदीतही पट्टे सरळ दिसतात, फक्त ओळीचा डावा अर्धा भाग आणि उजवा अर्धा भाग एकाच घडणीचे असतात. तसं दिसलं की रुंदी निम्मी करा. पट्टे टिकवणारी सर्वांत लहान रुंदी हीच नोंदीची लांबी.

दोन-दोन बाइट घेतले तर पहिली ओळ १०५६, ६१९२०, ९०, १, ७ अशी वाचता येते. ६१९२० खटकायला हवं, कारण शेजारच्या आकड्यांशी त्याचा मेळ नाही. चिन्हासह वाचा: −३६१६. हे x आणि y, पुढे दिशा, वस्तूचा प्रकार आणि फ्लॅग.

दिशेचा अंदाज तपासायला फाइलची प्रत घ्या आणि 0x107B0 वरचा 5A बदलून B4 करा, म्हणजे ९० चे १८०. एडिटर ओव्हरराइट मोडमध्येच हवा. इन्सर्टमध्ये एक बाइट घुसला की यादी एक घर पुढे सरकते, हेडरमधला पत्ता मात्र जुनाच राहतो, आणि गेम सुरूच होत नाही. फाइल ४१,९६,०२१ बाइटची झाली असेल तर हेच घडलंय.

बदल बघायला नवा गेम सुरू करून E1M1 मध्ये जा. जुना सेव्ह उघडला तर खेळाडूची दिशा सेव्हमधून येते आणि बरोबर असलेला अंदाजही चुकीचा वाटतो. खेळाडू उत्तरेऐवजी पश्चिमेकडे तोंड करून उभा दिसला, तर ते दोन बाइट दिशेचेच आहेत.