अभंग कुणाचा? मुद्रेतल्या दुसऱ्या नावाने फसू नका

भजनाच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘अवघा रंग एक झाला’ या अभंगाखाली ‘संत चोखामेळा’ असं छापलेलं मी अनेकदा पाहिलं आहे. चूक कुठे होते तेही कळतं. शेवटचं कडवं असं आहे: ‘पाहते पाहणें गेले दुरी । म्हणे चोखियाची महारी’. घाईत वाचणाऱ्याला ‘म्हणे’ आणि ‘चोखा’ एवढंच दिसतं. पण म्हणणारी चोख्याची बायको आहे. हा अभंग सोयराबाईंचा. ‘चोखियाची’ या शब्दातला ‘ची’ सुटला आणि एका बाईची रचना तिच्या नवऱ्याच्या नावावर गेली.

अभंगाच्या शेवटच्या चरणात येणाऱ्या कवीच्या नावाला नाममुद्रा म्हणतात. ‘तुका म्हणे’ इतकी सरळ मुद्रा असली तर प्रश्नच नाही. पण वारकरी संतांनी अनेकदा स्वतःची ओळख नात्यातून सांगितली आहे आणि मग मुद्रेत दुसऱ्या कुणाचं नाव येतं. ‘नामयाची जनी’ म्हणजे जनाबाई, नामदेव नव्हेत. ‘तुकयाबंधु म्हणे’ असं आलं तर ते तुकारामांचे धाकटे भाऊ कान्होबा. त्यांचे अभंग तुकोबांच्या गाथेतच छापलेले असल्यामुळे गल्लत आणखी सोपी. ‘एका जनार्दनीं’मध्ये कवी एकनाथ आहेत आणि जनार्दनस्वामी त्यांचे गुरू. ज्ञानदेवांच्या ‘बापरखुमादेवीवरु’ या मुद्रेत तर त्यांचं स्वतःचं नावच नाही, आहे तो विठ्ठल. म्हणून शेवटचा चरण पूर्ण वाचावा आणि नावाला कोणता प्रत्यय लागला आहे ते पाहावं.

दुसरी चूक आशयावरून नाव ठरवण्याची. ‘माझे माहेर पंढरी’ ऐकलं की माहेर म्हणणारी बाईच असणार, म्हणजे जनाबाई, असं अनेकांना वाटतं. शेवट बघा: ‘एका जनार्दनी शरण । करी माहेराची आठवण’. अभंग एकनाथांचा आहे. ‘जाईन गे माये तया पंढरपुरा । भेटेन माहेरा आपुलिया’ ही ओळ ‘अवघाचि संसार सुखाचा करीन’ या ज्ञानदेवांच्या अभंगातली. पंढरीला माहेर म्हणणं ही संप्रदायाची सामायिक भाषा आहे. पुरुष संतही स्त्रीच्या तोंडून बोलतात, त्यामुळे ‘माहेर’, ‘सखी’, ‘साजणी’ या शब्दांवरून कवी ओळखता येत नाही. ‘अवघा’ या शब्दाचंही तेच: तो ज्ञानदेवांकडे आहे, सोयराबाईंकडे आहे आणि सावता माळ्यांच्या ‘अवघी विठाबाई माझी’तही आहे.

गाताना धृपद पुन्हा पुन्हा येतं, म्हणून लोकांच्या ध्यानात तेच राहतं. ‘तो हा विठ्ठल बरवा’ शोधायला गेलात तर गाथेच्या सूचीत सापडणार नाही, कारण सूची पहिल्या चरणाची असते. हा अभंग ‘रूप पाहतां लोचनीं’खाली बघावा लागतो. शोधताना जुनं लेखनही ध्यानात ठेवा. ‘झालें’ऐवजी ‘जालें’, ‘अवघाची’ऐवजी ‘अवघाचि’ असं छापलेलं असू शकतं. ओळीतला न बदलणारा एखादा शब्द घेऊन शोधलं तर लवकर मिळतं.

एका अभंगात अनेक नावं आली तर? ‘संतकृपा झाली । इमारत फळा आली’ यात ज्ञानदेव, नामा, एकनाथ, तुका असे सगळे येतात. ‘तुका झालासे कळस’ या ओळीमुळे तो तुकोबांचा समजला जातो. पण कळस झालेला तुका इथे वर्णनाचा विषय आहे, बोलणारा नाही. रचना बहिणाबाईंची, म्हणजे तुकोबांना गुरू मानणाऱ्या शिऊरच्या संत बहिणाबाईंची. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी (1880–1951) वेगळ्या. ही दुसरी गल्लतही मी छापील पत्रिकेत पाहिली आहे.

मुद्रा नीट वाचूनही एक पेच उरतो तो ‘नामा’चा. ‘युगे अठ्ठावीस’ या आरतीच्या शेवटी ‘नामदेव’ आहे, तर ‘येई हो विठ्ठले’च्या शेवटी ‘विष्णुदास नामा’. ज्ञानदेवांचे समकालीन नामदेव (1270–1350) आणि सोळाव्या शतकात मराठीत महाभारत रचणारे विष्णुदास नामा या दोन वेगळ्या व्यक्ती, पण नामदेवांच्या गाथेत दोघांची रचना मिसळलेली आहे. तिथे नुसत्या ‘नामा म्हणे’वर विसंबू नये. भाषा किती जुनी आहे आणि अभंगात नंतरच्या काळातल्या कुणाचा उल्लेख आहे का, हे पाहावं. तरीही ठरलं नाही तर पत्रिकेत ‘नामा’ एवढीच मुद्रा छापावी.