रस्त्याचं नाव बदललं: आधी घरपट्टी, मग आधार

बडोद्यात आमच्या रस्त्याचं नाव बदललं. पालिकेच्या सभेने ठराव मंजूर केला आणि निळी पाटी लागली. घरांच्या नोंदी मात्र आपोआप बदलत नाहीत.

शेजारच्या काकांनी थेट आधारचा पत्ता बदलायला अर्ज केला आणि तो नामंजूर झाला. पुरावा म्हणून लावलेल्या वीजबिलावर जुनंच नाव होतं. अर्जातला पत्ता आणि कागदावरचा पत्ता जुळायलाच हवा, त्यामुळे क्रम महत्त्वाचा.

मी आधी वॉर्ड कचेरीत ठरावाची प्रत मागितली आणि ती जोडून घरपट्टीच्या नोंदीत नवं नाव लावून घेतलं. (प्रत मिळवणं हेच खरं डोकेदुखीचं काम, लेखी अर्ज द्या.) नव्या नावाची घरपट्टीची पावती आल्यावर तीच आधारला पुरावा म्हणून लावली. जवळची खूण लिहायच्या रकान्यात जुनं नाव ठेवलं, म्हणजे कुरिअरवाला चुकत नाही. मग बँक, आणि मतदार यादीसाठी फॉर्म 8.

घराच्या खरेदीखताला हात लावू नका. मिळकत सर्व्हे क्रमांकाने ओळखली जाते. पिनकोडही तोच राहतो, त्यामुळे जुन्या पत्त्यावरची पत्रं येतच राहतात.