जुन्या फोटोंचे मोबाइलने फोटो काढताना आधी आरसा ठेवा

मोबाइल स्टँडवर बसवला की फोटोच्या जागी एक छोटा सपाट आरसा ठेवा. स्क्रीनवर मोबाइलच्याच लेन्सचं प्रतिबिंब दिसेल. ते बरोबर मधोमध येईपर्यंत मोबाइलचा कल बदला. मग फोटोची चौकट एका बाजूला निमुळती होत नाही. झूम मात्र आधीच ठरवा, कारण झूम बदलला की काही मोबाइल लेन्सही बदलतात आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

आता आरसा फोटोच्या जागेभर सरकवून पाहा. त्यात दिवा किंवा खिडकी दिसली, तर चकचकीत फोटोवर तिथेच पांढरा डाग पडणार. वरचा दिवा बंद करा, उजेड बाजूने घ्या. वळलेल्या कडेची सावली पडत असेल, तर उजेडाच्या विरुद्ध बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करा. बटण टायमरने दाबलेलं बरं, बोटाने मोबाइल हलतोच.